सोलरचा दहाव्या वर्षीचा खर्च : दादाला दिलेला हिशेब



पंधरा दिवसांपूर्वी इथं नवीन इन्व्हर्टरचा फोटो टाकला होता. खाली बऱ्याच जणांनी विचारलं, जुन्याला काय झालं, किती पैसे लागले, आणि मग सोलर परवडलं का? तिसरा प्रश्न आमच्या घरात मे महिन्यातच निघाला होता. दादा म्हणाला, "तू तर म्हणाला होतास पंचवीस वर्षं फुकट वीज. मग हे बावन्न हजार कशाचे?" 2016 ला पॅनेल बसवताना निम्मे पैसे त्याचे होते, त्यामुळे विचारायचा हक्क त्याला आहेच. त्याला जो हिशेब वहीत मांडून दाखवला, तोच इथं लिहितोय. थोडं लांबेल, पण ज्यांच्या घरावर 2015 ते 2018 मध्ये सोलर बसलंय त्यांच्यावर ही वेळ आता येणारच आहे.

आधी आमची सिस्टीम सांगतो. मोहोळ तालुक्यात वस्तीवरच्या घराच्या स्लॅबवर 250 वॅटचे 20 पॅनेल, म्हणजे 5 किलोवॅट. दहा-दहा पॅनेलच्या दोन ओळी आणि एक सिंगल फेज इन्व्हर्टर. मार्च 2016 ला नेट मीटर लागला. तेव्हा सगळं मिळून 3,60,000 रुपये गेले. आज कुणी इतके देणार नाही, पण तेव्हा भावच तो होता. घरात बारा माणसं, दोन फ्रिज, एक डीप फ्रीजर, बोअरची मोटर. त्यामुळे बिल नेहमी वरच्या स्लॅबमध्ये. सोलरमुळे वाचणारे युनिट त्या महागड्या स्लॅबमधले असतात, म्हणून बचत चांगली दिसते. ज्यांचं बिल शंभर युनिटच्या आत येतं त्यांनी माझे आकडे तसेच्या तसे उचलू नयेत.

बसवणाऱ्याने एक कागद दिला होता. वर्षाला 7,300 युनिट, गुणिले 25 वर्षं, गुणिले 7 रुपये, वजा आपली गुंतवणूक. शेवटी नऊ लाख सतरा हजारांचा नफा. पॅनेलची हमी 25 वर्षांची, हे त्यात ठळक छापलं होतं. इन्व्हर्टरची हमी 5 वर्षांची, तेही छापलं होतं, पण खाली बारीक अक्षरात. आणि पाच वर्षांची हमी असलेली वस्तू पंचवीस वर्षांच्या हिशेबात एकदाच कशी धरली, हा प्रश्न ना त्याने काढला ना मी विचारला. आपण ठिबक करताना लॅटरल सात-आठ वर्षांनी बदलाव्या लागणार हे धरूनच चालतो. मोटर रिवाइंड करावी लागते, ट्रॅक्टरचे टायर जातात, तेही ठाऊक असतं. सोलरला मात्र फिरणारा भाग नाही, म्हणून तिथं काही झिजतच नाही असं डोक्यात बसलं होतं.

झिजतं. पॅनेल जवळजवळ झिजत नाहीत, इन्व्हर्टर झिजतो. पॅनेलमधून येणारी वीज डीसी असते, इन्व्हर्टर तिची एसी करतो आणि दिवसभर ग्रिडच्या व्होल्टेजबरोबर जुळवून ठेवतो. त्याच्या आत मोठे कपॅसिटर असतात, नळकांड्यासारखे, ज्यांच्या आत द्रव असतो. उष्णतेने तो हळूहळू सुकतो. कपॅसिटरचा सर्वसाधारण नियम असा की तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. शिवाय रिले असतात, जे रोज सकाळी जोडतात आणि संध्याकाळी तोडतात. वस्तीवरच्या लाइनवर वीज दिवसातून चार वेळा जाते, तेव्हा तेवढ्या वेळा जास्तीचे. आणि पंखा असेल तर त्यात धूळ. आमचा इन्व्हर्टर बसवला होता पश्चिमेच्या भिंतीवर, पत्र्याच्या पडवीखाली. मे महिन्यात दुपारी तीन वाजता त्या पत्र्याखाली माणूस उभा राहत नाही. आम्ही त्याला नऊ वर्षं उभा केला.

आता तो जातोय हे कसं कळतं, ते सांगतो. कारण मला कळलं, पण उशिरा.

पहिल्या दिवसापासून मी एक गोष्ट केली होती. दर महिन्याच्या एक तारखेला जनरेशन मीटरचं रीडिंग वहीत लिहायचं. पहिल्या वर्षी 6,900 युनिट झाले, म्हणजे कागदावरच्या 7,300 पेक्षा कमीच. आमच्याकडे धूळ खूप, आणि पॅनेल धुवायचा कंटाळाही. पुढं दर वर्षी पन्नास-साठ युनिट कमी होत गेले. आठव्या वर्षी 6,480. ही घट पॅनेलच्या वयाची आहे, ती धरूनच चालायचं. पण नवव्या वर्षी एकदम 5,980 वर आलं. एका वर्षात 500 युनिटची घट पॅनेलच्या वयाने होत नाही.

वर्षाचा आकडा वर्ष संपल्यावर कळतो, म्हणून मी महिना महिन्याशी ताडून पाहिला. मार्च 2023 ला 640 युनिट, मार्च 2024 ला 622, मार्च 2025 ला 548. मार्च सांगतोय कारण आमच्याकडे मार्चमध्ये आभाळ साधारण कोरडं असतं, ढगांचा बहाणा सांगता येत नाही. जुलैचा जुलैशी ताडून काही कळत नाही, पावसावर जातं. मी आधी पॅनेल धुतले. दोन दिवसांत फार फरक पडला नाही.

मग एका दुपारी एक वाजता इन्व्हर्टरपुढं खुर्ची टाकून बसलो. स्क्रीनवर 3.9 किलोवॅट. सूर्य डोक्यावर, ढगाचा पत्ता नाही. पंधरा मिनिटांत आकडा 2.6 वर उतरला, वीसेक मिनिटं तिथं राहिला, आणि हळूहळू परत चढला. पुन्हा उतरला. डबीला हात लावला तर टिकेना. पंखा बंद होता. इन्व्हर्टर आत तापला की स्वतःला वाचवायला वीज कमी करतो. त्याचा जीव वाचतो, आपलं उत्पादन जातं. हे किती महिने चाललं होतं देव जाणे. सकाळ-संध्याकाळ आकडा बरोबर दिसतो, म्हणून लक्षातच येत नाही. दुपारी बारा ते तीनमध्येच बघायला हवं.

9 एप्रिलला मेकॅनिक आला. त्याने पहिलं काम बरोबर केलं, पॅनेलचा दोष नाही ना ते तपासलं. एसी बाजूचा एमसीबी आधी बंद केला, मग डीसी स्विच, आणि मगच दोन्ही ओळींचं व्होल्टेज मीटरवर घेतलं. एक 332, दुसरी 330. आमच्या पॅनेलवर मागे छापलंय, उघडं व्होल्टेज 37.5. दहा पॅनेलचे 375 व्हायला हवेत, पण तो आकडा 25 अंशांचा. उन्हात पॅनेल 60 अंशांपर्यंत तापतो तेव्हा व्होल्टेज दहा-अकरा टक्के पडतं, म्हणजे 333 च्या आसपास. दोन्ही ओळी अगदी तिथं. पॅनेल ठणठणीत. (हे काम घरी करू नका. तीनशे व्होल्ट डीसी माणसाला सोडत नाही, आणि चालू लाइनवर पॅनेलचे जोड ओढले तर ठिणगी नाही, जाळच निघतो.)

पंखा बदलला, 900 रुपये. तीन आठवडे बरं चाललं. मग सकाळी सुरू व्हायला उशीर, रिले फॉल्टचा संदेश, आणि 2 मेला स्क्रीन काळी.

खोलून पाहिलं तेव्हा दोन कपॅसिटरची डोकी फुगलेली होती. कंपनीने ते मॉडेल बंद केलेलं. पॉवर बोर्ड मिळेल म्हणाले, 19,000 रुपये, सहा आठवडे थांबा, हमी तीन महिन्यांची. नवीन इन्व्हर्टर 42,500 रुपये, जीएसटीसकट, हमी दहा वर्षांची. दादा लगेच म्हणाला, एकोणीसवाला घे. साहजिक आहे, बियाणं-खतासाठी ठेवलेले पैसे त्यातून निघणार होते.

तेव्हा बसून गुणाकार केला. नवीन बोर्ड टाकला तरी बाकीचे रिले, डिस्प्ले, दुसरा बोर्ड नऊ वर्षांचेच. दोन वर्षं चालला तर वर्षाला साडेनऊ हजार पडले. नवीन डबी दहा वर्षांनी भागली तर वर्षाला 4,250. आणि सहा आठवडे थांबायचं म्हणजे मे-जूनमधले दिवसाला वीस-एकवीस युनिट सोडायचे, ते सात-साडेसात हजारांचं नुकसान वेगळंच. चौथ्या-पाचव्या वर्षी बोर्ड गेला असता तर मी दुरुस्ती केली असती, कारण बाकीची डबी तरुण असते. नवव्या वर्षी नाही.

इथं एक खंत सांगून टाकतो. 2020 च्या शेवटी हमी संपायच्या आधी कंपनीचा फोन आला होता, 11,000 भरा, आणखी पाच वर्षं हमी वाढवतो. मी नाही म्हणालो. डबी गेली नऊ वर्षं दोन महिन्यांनी, म्हणजे वाढीव हमीत बसली असती. तरी आता कुणी विचारलं तर डोळे झाकून हो म्हणणार नाही. त्या हमीत डबीच मिळते. मजुरी, वाहतूक, बंद दिवस आपलेच. आणि दहाव्या वर्षी कंपनी त्या धंद्यात आहे की नाही, हेही आपल्यालाच बघायचं. इन्व्हर्टरच्या किमतीच्या चौथाईत मिळत असेल आणि त्या कंपनीचा माणूस जिल्ह्यात असेल, तर घ्यावी असं माझं मत झालंय.

नवीन घेताना दुकानदार सहा किलोवॅटचा गळ्यात मारत होता. "दोन हजारांचा फरक, मोठाच घ्या." मोठ्या इन्व्हर्टरने ऊस जास्त गाळला जात नाही, ऊस जेवढा आहे तेवढाच. पॅनेल 5 किलोवॅटचे, तेही आता म्हातारे. आणि महावितरणची आमची मंजुरी 5 ची आहे. तेवढ्याच क्षमतेचा घेतला, आणि नवीन सिरियल नंबर घालून उपविभागाच्या कार्यालयात अर्ज देऊन पोच घेतली. ती पोच नेट मीटरच्या फाइलमध्ये आहे. पुढं बिलावरून काही वाद निघाला तर कागदावरचा नंबर आणि भिंतीवरचा नंबर एकच असलेला बरा. बघायची खरी गोष्ट वेगळी : आपल्या ओळीचं व्होल्टेज नवीन डबीच्या पट्ट्यात बसतं का. हिवाळ्यात पहाटे ते सगळ्यात जास्त असतं. आमचं थंडीत 395 च्या आसपास जातं, नवीनची मर्यादा 600. बसलं.

या वेळी जागा बदलली. उत्तरेची भिंत, व्हरांड्यात, चारी बाजूंनी हातभर मोकळं. केबल सहा मीटर वाढली, पण दुपारी डबीला हात ठेवता येतो.

25 मेला सुरू झाला. आणि 7 जूनच्या पावसानंतर सकाळी परत लाल दिवा. काळजात धस्स झालं. संदेश इन्सुलेशनचा होता. साडेदहाला ऊन आलं की आपोआप सुरू, दुसऱ्या दिवशी पाऊस झाला की परत तेच. जुना इन्व्हर्टर याबद्दल कधी कुरकुरला नव्हता, नवीन जास्त कडक आहे. पॅनेलखाली वाकून पाहिलं तर केबल खारीने कुरतडलेली, उघडी तार लोखंडी सांगाड्याला टेकलेली. ओली झाली की वीज सांगाड्यात उतरत होती. म्हणजे तो दोष नवीन डबीचा नव्हताच, तिने दाखवलेला होता. जुनी केबल तशीच ठेवून नवीन इन्व्हर्टर बसवणारे पुष्कळ आहेत, मग पहिल्या पावसात कंपनीशी भांडतात. दहाव्या वर्षीच्या खर्चात केबल आणि जोड तपासायचे पैसे धराच.

तर एकूण असे झाले : इन्व्हर्टर 42,500. दोन्ही बाजूंची सर्ज संरक्षणाची डबी आणि एमसीबी 4,200, कारण जुन्यातली विजेची डबी कधीच खपली होती, तिची निशाणी लाल झालेली कुणी पाहिलीच नव्हती. केबल आणि जोड 1,800. मजुरी, गाडीभाडं 3,500. बेरीज 52,000. यात 23 दिवस बंद राहिल्याचं नुकसान मिळवा. साधारण 480 युनिट, साडेआठ रुपयांनी 4,100. म्हणजे मला तो प्रसंग 56,100 ला पडला. सप्टेंबरअखेर सोलरच्या वस्तूंवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. मी मेमध्ये घेतला. आपलं नशीब नेहमी पेरणीच्या आधी पडणाऱ्या पावसासारखं.

आता दादाच्या प्रश्नाकडे येतो.

फेब्रुवारी 2025 पर्यंतच्या नऊ वर्षांत 59,540 युनिट झाले, वहीत महिन्यागणिक आहेत. त्या त्या वर्षीच्या बिलावरच्या दराने बचत लावली तर 4,76,000 रुपये. सातव्या वर्षाच्या अखेरीला 3,60,000 पार झाले होते. म्हणजे मुद्दल सात वर्षांत फिटलं, हे बसवणाऱ्याचं बोलणं खरं ठरलं. खोटं ठरलं ते पुढचं, की सातनंतर सगळा नफा.

पुढचा हिशेब मी पंचवीस वर्षांचा करत नाही. आमचा नेट मीटरचा करार वीस वर्षांचा आहे, फेब्रुवारी 2036 ला संपतो. त्यानंतर काय अटी असतील ते तेव्हा बघू, आज त्याच्यावर पैसे मोजणार नाही. उरलेल्या अकरा वर्षांत पॅनेलची घट धरून साधारण 67,000 युनिट. दर गेल्या दोन वर्षांत नऊच्या वर गेलाय, पण मी हात आखडता घेऊन साडेआठ धरला, आणि पुढं वाढेल असंही धरलं नाही. 5,69,500 रुपये. आधीचे मिळवून 10,45,500.

यातून वजा करायचं ते : मुद्दल 3,60,000. इन्व्हर्टर बदल 52,000 (बंद दिवसांचं नुकसान युनिटमध्येच कमी झालेलं आहे, दोनदा धरायचं नाही). पॅनेल धुणं, छोटी दुरुस्ती, वर्षाला 2,500 प्रमाणे वीस वर्षांचे 50,000. एकूण 4,62,000. हातात उरतात 5,83,500.

कागदावर नऊ लाख सतरा हजार होते, वहीत पावणेसहा लाखांच्या थोडं वर. दादा बराच वेळ वही बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तोट्यात नाही." नाही, तोट्यात नाही. पण फुकटही नाही. वीस वर्षांच्या एकूण खर्चाला युनिटने भागलं तर आम्हाला घरची वीज 3 रुपये 65 पैशांना पडते. बसवणाऱ्याच्या कागदाप्रमाणे ती 1 रुपया 97 पैसे पडायला हवी होती. इन्व्हर्टरचे यात 41 पैसे आहेत. बाकीचा फरक कमी वर्षं धरल्याचा, कमी निघालेल्या युनिटचा आणि धुण्या-पुसण्याचा.

41 पैसे ऐकायला किरकोळ वाटतात. पण इन्व्हर्टर वीस वर्षांत विभागून पैसे मागत नाही, एका मे महिन्यात मागतो. अडचण ती होती. आमच्याकडे नऊ वर्षांची पावणेपाच लाखांची बचत झाली म्हणतो, पण ती कुठं आहे? बिल कमी आलं, पैसे घरात राहिले आणि घरातच खर्च झाले. आम्ही बायकोच्या भिशीतून 20,000 घेतले, बाकी बियाण्याचे वापरले, आणि सोयाबीनचं खत उधारीवर उचललं. उधारीचा भाव रोखीपेक्षा जास्त असतो, सांगायला नको.

म्हणून उलटा भागाकार केला. 56,100 रुपये, इन्व्हर्टर चालला 110 महिने. महिन्याला 510. किंवा तेवढ्या काळात निघालेल्या साधारण 60,600 युनिटने भागलं तर युनिटला 93 पैसे. मी सरळ एक रुपया धरतो. महिन्याच्या एक तारखेला रीडिंग लिहायचं, जेवढे युनिट तेवढे रुपये बाजूला. पावसाळ्यात युनिट कमी तेव्हा कमी टाका, उन्हाळ्यात जास्त. हा रुपया 5 किलोवॅटच्या घरगुती सिस्टीमचा आहे. मोठ्या सिस्टीमला किलोवॅटमागे इन्व्हर्टर स्वस्त पडतो, त्यामुळे 10-15 किलोवॅटवाल्यांना पन्नास-साठ पैसे धरून चालेल. आपापल्या क्षमतेच्या इन्व्हर्टरचा आजचा भाव विचारा, त्यावर वीस-पंचवीस टक्के केबल-मजुरीचे चढवा, आणि दहा वर्षांत होणाऱ्या युनिटने भागा.

माझ्याने दर महिन्याला वेगवेगळी रक्कम बाजूला पडणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून जूनपासून पोस्टात 500 रुपयांची आरडी उघडली. पाच वर्षांची असते, उघडली तेव्हा 6.7 टक्के होते, शेवटी 35,600 च्या वर मिळतात. ते तसेच ठेवून दुसरी पाच वर्षं परत आरडी. व्याजामुळे दहा वर्षांनी आजच्या खर्चापेक्षा बरेच जास्त जमतील. तेव्हा इन्व्हर्टर महाग झालेला असेल किंवा सातव्या वर्षीच गेला, तरी पेरणीच्या पैशाला हात लागणार नाही. ज्यांची सिस्टीम आज सात-आठ वर्षांची आहे आणि ज्यांनी काहीच बाजूला ठेवलं नाही, त्यांच्याकडे दहा वर्षं नाहीत. त्यांनी महिना दीड-दोन हजार बाजूला टाकावेत आणि दुपारी एकदा इन्व्हर्टरपुढं बसून यावं.

सोलर पंपवाल्या मंडळींसाठी दोन ओळी. योजनेतल्या पंपाला पाच वर्षांची हमी असते, तोवर काळजी नाही. सहाव्या वर्षापासून कंट्रोलर तुमचा. तोही आतून इन्व्हर्टरच आहे, तेच कपॅसिटर, तीच उष्णता, वर उघड्या रानात लोखंडी पेटीत. शेतकऱ्याने भरलेला हिस्सा दहा टक्के असतो, त्यामुळे कंट्रोलरची किंमत कधीकधी आपण भरलेल्या रकमेच्याच आसपास येते आणि माणूस दचकतो. तिथं युनिट मोजायला मीटर नसतो, म्हणून महिन्यावरच बाजूला काढा. आणि पेटीवर पाचटाचं का होईना छप्पर करा, पॅनेलवर सावली पडणार नाही एवढं बघून.

राहिला एक प्रश्न, जो दादाने शेवटी विचारला आणि ज्याचं उत्तर आज नाही. हा इन्व्हर्टर पण दहा वर्षांनी गेला तर? 2033-34 ला गेला तर बदलायचा, त्यात शंका नाही. दोन वर्षांचे साधारण 11,800 युनिट म्हणजे लाखभर रुपये, खर्च निम्मा. पण 2035 च्या दिवाळीत गेला, तर करार संपायला तीन-चार महिने. तेव्हा आधी महावितरणकडे जाऊन करार पुढं वाढतो का, कोणत्या दराने, हे विचारायचं आणि मगच डबी घ्यायची. पॅनेल तेव्हा वीस वर्षांचे असतील, त्यांची दोन्ही ओळींची व्होल्टेजं आधी घ्यायची. वाढत नसेल तर आरडीचे पैसे नवीन पॅनेलच्या हप्त्याला जातील.

नवीन डबीवर मार्करने "25/5/2025" लिहून ठेवलंय, खाली "आरडी पासबुक फाइलमध्ये". ऑक्टोबरचं रीडिंग 540 आलं, गेल्या ऑक्टोबरला 496 होतं. तुमच्याकडे किती वर्षं चालला आणि कोणत्या भिंतीवर होता, दोन्ही लिहा.